४७ केईव्ही आणि १.४ केईव्ही: दोन डिटेक्टरांच्या रुंदीचा हिशेब

६ जानेवारी

प्रकल्प आजपासून सुरू. विषय कागदावर एका ओळीचा आहे: तेच गॅमा स्रोत सोडियम आयोडाइडच्या सिंटिलेशन डिटेक्टरसमोर ठेवायचे, तेच जर्मेनियमच्या सेमीकंडक्टर डिटेक्टरसमोर ठेवायचे आणि दोघांचं एनर्जी रिझोल्युशन, म्हणजे एकाच ऊर्जेचं पीक किती रुंद येतं ते, तोलायचं. सीझियम-१३७ च्या ६६१.७ केईव्हीच्या रेषेवर सोडियम आयोडाइड साधारण ७ टक्के देतं आणि जर्मेनियम ०.२ टक्के, हे कुठल्याही पुस्तकात सापडतं. मी तेच सरांना सांगायला गेलो तर म्हणाले, "आकडा मला पाठ आहे. त्या रुंदीत कोणाचा किती वाटा आहे, तो हिशेब घेऊन ये." म्हणजे काम मोजण्याचं कमी आणि फोड करण्याचं जास्त.

साहित्य: तीन इंच व्यासाचा, तीन इंच लांबीचा थॅलियम घातलेला सोडियम आयोडाइडचा क्रिस्टल, मागे फोटोमल्टिप्लायर ट्यूब. जर्मेनियम पी-टाइप कोअ‍ॅक्सियल, ३००० व्होल्टवर चालणारं, रिलेटिव्ह एफिशियन्सी ३० टक्के. गंमत म्हणजे ही ३० टक्के आहेत ती तीन बाय तीनच्या सोडियम आयोडाइडच्याच तुलनेत. स्रोत २५ सेंटिमीटरवर ठेवून कोबाल्ट-६० च्या १३३२.५ केईव्हीच्या पीकवर ती मोजतात. ज्याला मागे टाकायचं, त्याचीच फूटपट्टी.

या वहीत "रुंदी" म्हटलं की बॅकग्राउंड वजा केल्यावर पीकच्या अर्ध्या उंचीवर मोजलेली रुंदी.

७ जानेवारी

आधी सोडियम आयोडाइड. सीझियमच्या पीकची रुंदी ४७.६ केईव्ही, म्हणजे ७.२ टक्के. कोबाल्ट-६० च्या १३३२.५ वर ७३ केईव्ही, म्हणजे ५.५ टक्के.

कोबाल्ट-५७ ने मात्र अर्धा दिवस खाल्ला. १२२ च्या पीकवर एकच गॉसियन बसवला तर १२.३ टक्के येत होतं आणि उजवा उतार डाव्यापेक्षा लोळलेला दिसत होता. नंतर डोक्यात ट्यूब पेटली: कोबाल्ट-५७ ला १३६.५ केईव्हीची दुसरी रेषा आहे, तीव्रता पहिलीच्या साधारण एक अष्टमांश. दोघींत अंतर १४.४ केईव्ही आणि या डिटेक्टरची रुंदी तिथे जवळपास तेवढीच, त्यामुळे धाकटी रेषा थोरलीच्या पदराखाली दडून बसते. दोन गॉसियन घेतले, अंतर आणि उंचीचं प्रमाण बांधून ठेवलं, तेव्हा १०.८ टक्के आलं. पहिला आकडा तसाच लिहिला असता तर पुढचा सगळा हिशेब फसला असता.

८ जानेवारी

काल रात्री हुशारी केली. आकडेवारी चांगली मिळावी म्हणून सीझियम रात्रभर मोजायला लावून गेलो. सकाळी रुंदी ७.६ टक्के! दहा मिनिटांच्या मोजणीत ७.२ आणि बारा तासांच्या मोजणीत ७.६. जास्त काउंट मिळाले की पीक गुळगुळीत होतं. ते रुंद व्हायचं काहीच कारण नाही.

सुदैवाने सॉफ्टवेअर दर तासाला फाइल साठवत होतं. फायली एकेक उघडल्या तर प्रत्येकीत रुंदी ७.२ च्या आसपासच, पण पीकची जागा सरकत गेलेली. संध्याकाळ ते सकाळ मिळून ३.६ टक्के. रात्री खोलीतला एसी बंद होतो. क्रिस्टलचा प्रकाश आणि ट्यूबचं गेन, दोन्ही तापमानाप्रमाणे हलतात. एकसारख्या गतीने सरकणाऱ्या पीकची भर किती पडेल हे काढलं: सरकण्याच्या वर्गाचा बारावा भाग म्हणजे व्हेरियन्स, त्याला ५.५५ ने गुणलं की रुंदीच्या वर्गातली भर. ३.६ चा वर्ग १२.९६, त्यावरून भर ६.०. आणि ७.२ चा वर्ग ५१.८, मिळून ५७.८, मूळ ७.६. तंतोतंत.

म्हणजे ७.६ मधला जास्तीचा भाग डिटेक्टरचा नाही, खोलीचा आहे. यापुढे सोडियम आयोडाइडवर दहा-दहा मिनिटांच्या मोजण्या, आणि बेरीज करण्याआधी प्रत्येकीचं पीक एका जागी आणायचं.

१० जानेवारी

आता खरी फोड. क्रिस्टलमध्ये दर केईव्हीला साधारण ३८ फोटॉन निर्माण होतात, म्हणजे सीझियमच्या एका गॅमाला सुमारे २५,०००. पण मोजले जातात ते फोटॉन नाहीत, फोटोकॅथोडवरून सुटलेले इलेक्ट्रॉन. ते किती, हे पुस्तकातल्या सरासरीवर न सोडता स्वतः मोजायचं ठरवलं.

पद्धत सोपी आहे, हात मात्र स्थिर लागतो. स्रोत दूर नेला, अँप्लिफायरचं गेन ५ वरून १००० केलं, आणि ट्यूबमधून आपोआप सुटणाऱ्या एकेका इलेक्ट्रॉनचा पीक शोधला. तो चॅनल ६० वर एका पसरट टेकाडासारखा आला. डावीकडे इलेक्ट्रॉनिक नॉइजची भिंत, मग खोलगट दरी, मग ते टेकाड. दरी दिसली नाही तर टेकाडावर विश्वास ठेवू नये, हे सहकारीण सांगून गेली आणि ते खरं आहे; पहिल्या खेपेला मी भिंतीच्या उतारालाच टेकाड समजलो होतो. पुन्हा गेन ५ वर आणून सीझियम ठेवला: पीक चॅनल १५१० वर. १५१० गुणिले २००, भागिले ६०. साधारण ५०००.

एक खबरदारी घेतली. एकट्या इलेक्ट्रॉनचा पल्स क्षणात येऊन जातो, पण सोडियम आयोडाइडचा प्रकाश २३० नॅनोसेकंदांच्या काळाने विझतो. शेपिंग टाइम, म्हणजे पल्सला आकार द्यायला अँप्लिफायर घेतो तो काळ, फार कमी ठेवला तर दुसऱ्या पल्सची उंची पुरती भरत नाही आणि ५००० चे ४००० दिसू शकतात. म्हणून दोन्ही वेळा ३ मायक्रोसेकंद.

५००० इलेक्ट्रॉन म्हणजे २५,००० फोटॉनांपैकी पाचातला एक. त्यांच्या चढउताराने येणारी रुंदी २.३५५ भागिले √५०००, म्हणजे ३.३ टक्के. ट्यूबच्या पहिल्या डायनोडवर एका इलेक्ट्रॉनचे सरासरी सहा होतात, त्याचाही चढउतार धरला तर ३.६५ टक्के.

मोजलेली रुंदी ७.२. वर्गांची वजाबाकी केली तर ६.२ टक्के उरतात, आणि त्यांचा धनी कोणी नाही. निम्म्याहून मोठा वाटा बेवारस.

१३ जानेवारी

बेवारस ६.२ टक्क्यांचा माग. सरांनी एकच प्रश्न विचारला: "६६२ केईव्हीचा गॅमा क्रिस्टलमध्ये ६६२ केईव्हीचा इलेक्ट्रॉन देतो का?"

बहुतेक वेळा देत नाही. तीन इंची क्रिस्टलमध्ये गॅमा आधी एकदा-दोनदा कॉम्प्टन विकिरण होऊन शेवटी शोषला जातो. म्हणजे पूर्ण ऊर्जेच्या पीकमधल्या एका घटनेत कधी ४०० अधिक २००, त्यावर ६२ असे इलेक्ट्रॉन असतील, तर कधी एकच मोठा. बेरीज दर वेळी ६६२. प्रकाश ऊर्जेच्या सरळ प्रमाणात असता तर फोड कशीही झाली तरी फरक पडला नसता. पण सोडियम आयोडाइड दर केईव्हीला सारखा प्रकाश देत नाही. दहा-वीस केईव्हीचा इलेक्ट्रॉन ६६२ केईव्हीच्या इलेक्ट्रॉनपेक्षा दर केईव्हीमागे साधारण १५ ते २० टक्के जास्त प्रकाश देतो. त्यामुळे तीच ऊर्जा बारीक तुकड्यांत गेली की प्रकाश जास्त, एका तुकड्यात गेली की कमी. मोठ्या नोटेचे सुटे करताना दर वेळी थोडे जास्तच पैसे हातात यावेत, आणि किती जास्त ते सुट्यांच्या प्रकारावर ठरावं, असा हा प्रकार.

हा दोष क्रिस्टलच्या पदार्थातच आहे. फोटोमल्टिप्लायर बदलून, आरसा चांगला लावून तो जात नाही. मी मनात ठरवलं होतं की जास्त क्षमतेची ट्यूब लावली तर रिझोल्युशन सुधारेल. ५००० चे ७५०० इलेक्ट्रॉन झाले असते तरी एकूण ७.२ चं ६.९ झालं असतं, बस. क्रिस्टलच्या कडेला आणि मध्यभागी पडलेल्या प्रकाशाचा सारखा अंश कॅथोडपर्यंत पोचत नाही, हाही थोडा वाटा त्या ६.२ मध्ये आहे. तो मी वेगळा काढू शकलेलो नाही.

बाकी दोन ऊर्जांवर हाच हिशेब: १२२ वर इलेक्ट्रॉनांचा वाटा ८.५ आणि उरलेला ६.७, १३३२ वर इलेक्ट्रॉनांचा २.६ आणि उरलेला ४.९. इलेक्ट्रॉनांचा वाटा तिपटीने उतरला, उरलेला जेमतेम हलला. म्हणूनच "रिझोल्युशन ऊर्जेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात" हे वाक्य सोडियम आयोडाइडला अर्धवटच लागू पडतं. सीझियमच्या ७.२ वरून ते वापरून १२२ चा अंदाज काढला तर १६.८ टक्के येतो, प्रत्यक्षात १०.८.

१६ जानेवारी

जर्मेनियम. लॅबमधल्या काकांनी परवा संध्याकाळीच ड्यूअरमध्ये द्रव नायट्रोजन भरून ठेवला होता. क्रिस्टल पुरता थंड झाल्याशिवाय व्होल्टेज चढवायचं नाही, हे त्यांनी मला तीनदा बजावलं. जर्मेनियमचा बँड गॅप जेमतेम ०.७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, खोलीच्या तापमानाला नुसत्या उष्णतेनेच त्यातून इतका प्रवाह वाहतो की पहिला फटका प्रीअँपला बसतो. शंभर-शंभरच्या टप्प्यांनी ३००० पर्यंत गेलो. प्रत्येक टप्प्यावर ऑसिलोस्कोपवर बेसलाइन शांत होईपर्यंत थांबायचं.

सीझियम: २.२८ केईव्ही. कोबाल्ट-६० चा १३३२: २.५९.

सोडियम आयोडाइडच्या ४७ नंतर हे बघून मी खूश. सर खूश नाहीत. "या डिटेक्टरने १३३२ वर १.९ च्या आत दिलेलं आहे," एवढंच बोलले.

१७ जानेवारी

प्रीअँपच्या टेस्ट इनपुटला पल्सर जोडला. पल्सरचा प्रत्येक पल्स सारखाच उंच, त्यात जर्मेनियमच्या क्रिस्टलमधल्या घडामोडींचा काहीच भाग नाही. त्यामुळे त्याच्या पीकला जी रुंदी येते ती निव्वळ इलेक्ट्रॉनिक्सची. हा पीक कुठल्याही गॅमा रेषेपासून दूर ठेवायचा आणि स्रोतासोबत त्याच वेळी मोजायचा.

आली १.९८ केईव्ही. म्हणजे सीझियमच्या २.२८ मध्ये सिंहाचा वाटा नॉइजचा! वर्गांची वजाबाकी करून बाकी उरतात १.१३.

अँप्लिफायरचं आउटपुट स्कोपवर घेतलं. एका पल्सवर नजर ठेवली तर काही दिसत नाही. टाइमबेस ५ मिलिसेकंदांवर आणल्यावर बेसलाइन हळूहळू श्वास घेताना दिसली: २० मिलिसेकंदांनी एक आवर्तन, म्हणजे ५० हर्ट्झ. मेनचा हम. प्रीअँपची पॉवर एका भिंतीवरच्या सॉकेटमधून आणि संगणक समोरच्या भिंतीवरून. दोन्हींचं अर्थिंग सिग्नल केबलच्या शील्डने पुन्हा जोडलं गेलं होतं आणि ग्राउंड लूप तयार झाला होता. सगळं एकाच पट्टीवर आणलं. पल्सर ०.८१.

एक्स्टेन्शन बोर्ड बदलून निम्म्याहून जास्त रुंदी गेली, हे प्रकल्प अहवालात कसं लिहायचं याचा विचार करतो आहे.

२० जानेवारी

शेपिंग टाइम चाचणी, पल्सरवर: २ मायक्रोसेकंदांवर १.०२, ४ वर ०.८४, ६ वर ०.७९, १० वर ०.८६. सहावर ठेवलं. कमी काळात प्रीअँपच्या पहिल्या ट्रान्झिस्टरचा नॉइज वाढतो, जास्त काळात डिटेक्टरमधल्या गळतीच्या प्रवाहाचा. शिवाय २ मायक्रोसेकंदांवर खऱ्या गॅमाचं रिझोल्युशन पल्सरपेक्षाही जास्त बिघडलं, कारण क्रिस्टलच्या वेगवेगळ्या भागांतून चार्ज गोळा व्हायला वेगवेगळा वेळ लागतो आणि शेपिंग आखूड असेल तर उशिरा येणाऱ्याची उंची कमी पडते.

२१ जानेवारी

रुंदी आता ठीक, पण पीकचा आकार ठीक नाही. डावीकडे शेपूट. गॉसियनमध्ये एक दशांश उंचीवरची रुंदी अर्ध्या उंचीवरच्या रुंदीच्या १.८२ पट असते, माझी २.२ पट होती. नुसती अर्ध्या उंचीची रुंदी बघून समाधान मानलं असतं तर हे कळलंच नसतं.

मला पहिल्यांदा वाटलं, क्रिस्टलमध्ये चार्ज अडकत असेल. पण तसं असतं तर शेपूट मोजणीच्या दरावर अवलंबून राहिलं नसतं. स्रोत जवळ आणून दर वाढवला तर शेपूट लांबलं. तेव्हा शंका अँप्लिफायरच्या पोल-झीरोवर, म्हणजे पल्सनंतर बेसलाइन नीट शून्यावर आणणाऱ्या जुळणीवर. स्कोपवर पल्सच्या मागे बेसलाइनखाली गेलेली एक उथळ खळगी दिसत होती. पुढचा पल्स त्या खळगीत उभा राहिला की त्याची उंची तेवढी कमी मोजली जाते, आणि तोच डावीकडे जाऊन बसतो. स्क्रू पाव आट्याने फिरवला, खळगी भरली. गुणोत्तर १.८७.

आता कायमचे आकडे: १२२ वर ०.९२ केईव्ही, ६६१.७ वर १.३८, १३३२.५ वर १.८५.

२३ जानेवारी

आज माझ्याच गणितावर माझा विश्वास बसेना.

जर्मेनियममध्ये एक इलेक्ट्रॉन-होल जोडी तयार व्हायला सरासरी २.९६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. म्हणजे सीझियमच्या गॅमाला साधारण २,२३,६०० जोड्या. सोडियम आयोडाइडसारखाच हिशेब केला: वर्गमूळ ४७३, त्याला २.९६ ने गुणून आणि २.३५५ ने गुणून रुंदी ३.३ केईव्ही. आणि मी मोजली १.३८! नॉइज धरूनसुद्धा, नुसत्या गणितातल्या चढउताराच्या निम्म्याहूनही कमी. डिटेक्टर गणितापेक्षा चांगला कसा असेल? दोनदा कॅलिब्रेशन तपासलं.

चूक गणिताच्या गृहीतात होती. वर्गमुळाचा नियम एकमेकांशी संबंध नसलेल्या घटनांना लागतो. इथे जोड्या स्वतंत्र नाहीत, सगळ्यांचा खर्च एकाच ठरलेल्या ऊर्जेतून भागतो. एक लिटर पाणी पेल्यांमध्ये ओतत गेलं तर पेले किती भरले यात फार चढउतार होऊच शकत नाही; थोडं सांडेल, तेवढाच फरक. गॅपसाठी लागणारी ऊर्जा ०.७ च्या आसपास आणि खर्च २.९६, म्हणजे बाकीची जाळीच्या कंपनांत "सांडते". चढउतार फक्त या वाटपात उरतो. उगो फानो यांनी १९४७ मध्ये आयनीकरणासाठी हे मांडलं, आणि व्हेरियन्स जेवढ्या पटीने कमी होतो त्याला फानो फॅक्टर म्हणतात. जर्मेनियमसाठी तो ०.१ च्या आसपास. ०.११ घेतला तर सीझियमची रुंदी १.०९ केईव्ही. त्यात ०.७९ नॉइज मिळवला की १.३५. मोजलेल्या १.३८ च्या अगदी दारात.

मग सोडियम आयोडाइडला ही सवलत का मिळत नाही, हा प्रश्न सहकारिणीने विचारला आणि मला वाटतं सगळ्या प्रकल्पात हाच सर्वात चांगला प्रश्न होता. क्रिस्टलमध्ये २५,००० फोटॉनही ठरलेल्या ऊर्जेतूनच जन्मतात, तेही एकमेकांशी बांधलेलेच. पण त्यातला पाचातला एकच इलेक्ट्रॉन बनतो, आणि कोणता बनेल हे निव्वळ नशिबाने ठरतं. या चाळणीतून गेल्यावर ते आपसातलं नातं जवळजवळ पुसलं जातं आणि उरतो साधा वर्गमुळाचा नियम. जर्मेनियममध्ये तयार झालेल्या जवळजवळ सगळ्या जोड्या इलेक्ट्रोडपर्यंत पोचतात, म्हणून नातं टिकतं. तिकडे इलेक्ट्रॉन ५०००, इकडे जोड्या सव्वादोन लाख, हे एक. आणि त्या सव्वादोन लाखांतली एकही वाटेत फारशी हरवत नाही, हे दुसरं.

२७ जानेवारी

रुंदीचा वर्ग ऊर्जेपुढे मांडला. नॉइज ऊर्जेवर अवलंबून नाही, तो आंतरछेद. फानोचा भाग ऊर्जेच्या प्रमाणात, तो उतार. सरळ रेषा बसवली:

```
import numpy as np
E = np.array([122.1, 661.7, 1332.5])   # keV
W = np.array([0.92, 1.38, 1.85])       # keV
b, a = np.polyfit(E, W**2, 1)
print(a**0.5, b / (2.355**2 * 0.00296))
```

उत्तर ०.७४ आणि ०.१३. दोन्ही खटकले. नॉइज पल्सरने ०.७९ मोजला आहे, आणि फानो फॅक्टर अपेक्षेपेक्षा जास्त. कागदावर पट्टी ठेवून बघितलं तर मधला बिंदू रेषेच्या खाली: आलेख किंचित वर वाकतो आहे. म्हणजे ऊर्जेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढणारं तिसरं काहीतरी आहे. ते म्हणजे चार्जचा अपुरा गोळा होणं. प्रत्येक पल्समधून ठरावीक अंश हरवला आणि तो अंश जागेप्रमाणे बदलला तर रुंदी ऊर्जेच्याच प्रमाणात वाढते.

```
FWHM² = 0.79² + b·E + c·E²
```

नॉइज पल्सरच्या आकड्यावर बांधला आणि वरच्या दोन बिंदूंवरून b आणि c काढले. फानो फॅक्टर ०.१०८, आणि १३३२ वर चार्जचा वाटा ०.६६ केईव्ही. पडताळ्यासाठी १२२ चा बिंदू राखून ठेवला होता: सूत्र ०.९२ देतं, मोजलेलेही ०.९२. फार फुशारकी मारण्यात अर्थ नाही, कारण सीझियमच्या रुंदीत ०.०१ ची चूक झाली तरी फॅक्टर ०.००५ ने हलतो. पण सरळ रेषेने दिलेलं ०.१३ ही वरची मर्यादाच समजायची, हे मात्र पक्कं.

सरांना फोड दाखवली: १३३२ वर १.८५ मध्ये फानो १.५४, नॉइज ०.७९, चार्ज ०.६६, सगळे वर्गांनी मिळवायचे. खाली १२२ वर नॉइजच राजा. मान हलवली, काही बोलले नाहीत. चांगलं लक्षण.

३० जानेवारी

बेरियम-१३३, दोन्ही डिटेक्टरांवर. याच्या चार रेषा एका ओळीत आहेत: २७६.४, ३०२.९, ३५६.० आणि ३८३.८. शेवटच्या दोघींत अंतर २७.८ केईव्ही आणि सोडियम आयोडाइडची रुंदी तिथे सुमारे ३१. स्पेक्ट्रममध्ये एक मोठा डोंगर, त्याच्या उजव्या खांद्यावर ३८३.८ चा फुगवटा, डावीकडे दुसरा बसका डोंगर. जर्मेनियमवर चार सुया, मधली जमीन सपाट.

सोडियम आयोडाइडच्या डोंगरातून दोन रेषांचं गुणोत्तर काढता येतं का, ते पाहिलं. दोन्ही रुंद्या मोकळ्या सोडून फिट केला तर ३८३.८ चा वाटा ३५६ च्या ०.२१ आला. खरं तीव्रतेचं गुणोत्तर ०.१४ आहे. फिट दिसायला सुरेख होता, काय-स्क्वेअरही चांगला. गुणोत्तर तेवढं चुकीचं. रुंद्या १३ तारखेच्या कॅलिब्रेशनवर बांधल्या आणि पुन्हा केला तर ०.१५. रुंदीची माहिती बाहेरून आणली तरच हा डिटेक्टर अशा जोडीबद्दल खरं बोलतो.

एक बाजू सोडियम आयोडाइडचीही मांडायला हवी. त्याच अंतरावर त्याने त्याच वेळात तिप्पट काउंट जमवले. एकटी, ठळक रेषा असेल आणि नुसता दर हवा असेल तर मी तेच वापरेन, नायट्रोजनची कटकट नको. पण कमी तीव्रतेची रेषा सपाट बॅकग्राउंडवर शोधायची असेल तर हिशेब उलटतो: सीझियमच्या पीकखाली सोडियम आयोडाइडला जर्मेनियमच्या ३४ पट रुंद पट्ट्यातलं बॅकग्राउंड गिळावं लागतं. त्याचं वर्गमूळ जवळजवळ सहा. तिप्पट काउंटनी ते भरून निघत नाही.

३ फेब्रुवारी

शेवटची मोजणी. बेरियमची ८१.० केईव्हीची रेषा एकटी नाही. तिच्या डावीकडे १.४ केईव्हीवर ७९.६ ची एक कमजोर बहीण आहे, तीव्रतेने साधारण आठ टक्के. सोडियम आयोडाइडचा तर प्रश्नच नाही. जर्मेनियमची रुंदी इथे ०.८८.

चॅनलची रुंदी आतापर्यंत ०.२५ केईव्ही होती. त्यात ती बहीण पाच-सहा चॅनलांतच संपते. गेन दुप्पट केलं, १ एमईव्हीपर्यंतच बघायचं ठरवलं, चॅनल ०.१२ केईव्ही. शिसाच्या शील्डच्या स्वतःच्या एक्स-रे रेषा ७२.८, ७५.०, ८४.९ च्या आसपास उगवल्या. त्या बेरियमच्या नाहीत हे आधी नोंदवून ठेवलं. मग एक तास मोजणी.

८१.० च्या डाव्या उतारावर पीक सरळ खाली येता येता मध्येच थबकतं. पायरीसारखी सपाटी, तिच्या टोकाला अगदी हलका उंचवटा, मग पुन्हा उतार. उंची थोरलीच्या आठ टक्के. वेगळं पीक म्हणायला जीभ धजावत नाही, पण ते आहे.

१६ जानेवारीची, म्हणजे हम आणि पोल-झीरो दोन्ही बिघडलेले असतानाची बेरियमची फाइल शोधून काढली आणि त्यावर ठेवली. त्या दिवशी ८१ वरची रुंदी २.०२ केईव्ही होती. डावा उतार अखंड, गुळगुळीत. पायरी नाही.